मे चुकला की वर्ष गेले: पीएच.डी.च्या आराखड्यातील वेळापत्रकाचा आढावा

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये संदर्भसूचीच्या अलीकडे एक तक्ता असतो. डावीकडे कामांची नावे, वर महिने किंवा सहामाह्या आणि मध्ये रंगवलेल्या आडव्या पट्ट्या. पहिली पट्टी साहित्याच्या आढाव्याची, ती संपते तिथे प्रश्नावलीची सुरू होते, मग माहिती संकलन, मग विश्लेषण, मग लेखन. सगळा तक्ता डावीकडून उजवीकडे जिन्यासारखा उतरतो आणि बरोबर तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात संपतो. अहिल्यानगर जिल्ह्यातला विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या संशोधन केंद्रात असो, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असो की लोणीच्या प्रवरा संस्थेत, हा जिना बहुधा तोच असतो, कारण तो आधीच्या कुणाच्या तरी सिनॉप्सिसवरून उतरवलेला असतो. कोणताही महिना दुसऱ्या कोणत्याही महिन्याच्या जागी चालतो, हे त्यामागचे गृहीतच चुकीचे आहे. पावसाच्या आणि हंगामाच्या तालावर चालणाऱ्या या जिल्ह्यात संशोधनाचे बरेच विषय वर्षातल्या ठरावीक पंधरवड्यांना बांधलेले आहेत. त्यामुळे वेळापत्रक आजच्या तारखेपासून पुढे मांडत जाऊन जमत नाही. ज्या तारखा हलवता येत नाहीत त्या आधी रोवायच्या आणि तिथून मागे यायचे, हाच क्रम योग्य ठरतो.

ज्याच्या नावाने हा तक्ता ओळखला जातो तो हेन्री गँट अमेरिकेतला अभियंता (१८६१-१९१९). त्याच्याही आधी, १८९६ च्या सुमारास, पोलंडच्या कारोल अदामीत्स्कीने याच जातीची आकृती केली होती, पण ती पुढे बराच काळ पश्चिमेकडे पोहोचली नाही. गँटच्या तक्त्यांची पद्धत वॉलेस क्लार्कने १९२२ च्या पुस्तकात मांडली. त्या तक्त्यांचा उपयोग कारखान्यात होता. ठरलेले काम एका जागी आणि प्रत्यक्ष झालेले काम त्याच जागी दुसऱ्या रेषेने, म्हणजे पर्यवेक्षकाला फरक एका नजरेत दिसावा. आपल्या सिनॉप्सिसमध्ये आला तो यातला अर्धाच भाग. ठरलेल्याची रेष आली, झालेल्याची रेष कधी आलीच नाही. दुसरी उणीव मात्र मूळ तक्त्यातच होती. कोणते काम कोणत्या कामावाचून सुरूच होऊ शकत नाही, हे पट्ट्या सांगत नाहीत. ती गरज १९५७ मध्ये ड्यू पाँ कंपनीत घडलेल्या ‘क्रिटिकल पाथ’ पद्धतीने भागवली. कामांच्या ज्या साखळीत एक दिवस ढिलाई झाली तर शेवटची तारीख एक दिवस सरकते, ती निर्णायक साखळी. हंगामी संशोधनात मात्र या साखळीचा हिशेब दिवसाला दिवस असा राहत नाही. तीन आठवड्यांची ढिलाई अकरा-बारा महिन्यांची होऊन बसते.

हलवता न येणाऱ्या तारखांमध्ये काही नियमांच्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्क धरून तीन वर्षे आणि कमाल कालावधी प्रवेशाच्या तारखेपासून सहा वर्षे. पुनर्नोंदणीने जास्तीत जास्त दोन वर्षे वाढतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे सगळे ज्याला ‘आरएसी’ म्हणतात तिच्यापुढे, प्रगती मांडायची. प्रबंध सादर झाल्यापासून मूल्यमापनाची सगळी प्रक्रिया विद्यापीठाने सहा महिन्यांत पुरी करायची. यात एक बारीक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते. कनिष्ठ आणि वरिष्ठ मिळून आयोगाची संशोधन अधिछात्रवृत्ती एकूण पाच वर्षांची असते, मुदत सहा वर्षांची. म्हणजे पैसे संपण्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख वेगवेगळ्या आहेत आणि तक्त्यावर दोन्ही उभ्या रेषा हव्यात. शेवटचे वर्ष घरच्या पैशावर काढावे लागेल का, हा प्रश्न पाचव्या वर्षी नव्हे, पहिल्या महिन्यात दिसला पाहिजे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर माहीत आहे. पोपटराव पवार १९८९ च्या सुमारास सरपंच झाल्यानंतर तिथे पाणलोटाची कामे झाली, शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर गावाने बंधन घातले, आणि पावसाळ्यानंतर पाणी मोजून रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरू लागले. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला असा विषय घ्यायचा आहे: पाणलोटाची कामे आणि उपशावरचे बंधन दोन्ही असलेले गाव, आणि फक्त पाणलोटाची कामे असलेली शेजारची तीन गावे, यांच्या भूजल पुनर्भरणात किती फरक पडतो? पद्धत ठरलेली आहे. पावसाळ्याआधी मेच्या अखेरीस विहिरींतली पाण्याची पातळी मोजायची, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजायची. दोन्हींतला फरक खडकाच्या विशिष्ट उत्पन्नाने गुणला की त्या पावसाने जमिनीत किती पाणी साठवले त्याचा अंदाज येतो. झिजलेल्या बेसॉल्टसाठी हे उत्पन्न साधारण दोन टक्के धरतात, म्हणजे पातळी पाच मीटर चढली तर शंभर मिलिमीटर पाणी साठले. यातली अडचण अशी की मेचा आकडा आणि ऑक्टोबरचा आकडा एकाच वर्षाचे हवेत. जोडीतला एक हुकला की दुसरा त्या वर्षापुरता निरुपयोगी होतो. शिवाय एकाच पावसाळ्यावरून निष्कर्ष काढला तर तो गावाचा की त्या वर्षीच्या पावसाचा, हे सांगता येत नाही. किमान दोन जोड्या लागतात.

विद्यार्थ्याचा प्रवेश १ जानेवारी २०२६ चा धरू. म्हणजे किमान मुदत २०२८ च्या अखेरीस, अधिछात्रवृत्ती लगेच सुरू झाली असेल तर ती २०३० च्या अखेरीस आणि कमाल मुदत २०३१ च्या अखेरीस संपते. जिना उतरणारा नेहमीचा तक्ता त्याने केला: २०२६ हे वर्ष कोर्सवर्क आणि साहित्याच्या आढाव्याचे, २०२७ च्या जानेवारीपासून गावांची निवड, विहिरींची यादी आणि परवानग्या, जून २०२७ पासून माहिती संकलन, २०२८ मध्ये विश्लेषण आणि लेखन. कागदावर तीन वर्षांत प्रबंध तयार. पण संकलन जूनमध्ये सुरू झाले म्हणजे मे २०२७ ची पातळी मोजलीच गेली नाही. पहिली पूर्ण जोडी मे ते ऑक्टोबर २०२८ ची, दुसरी २०२९ ची. त्यापुढे विश्लेषणाला चार महिने, लेखनाला आठ, प्री-सबमिशन सादरीकरण आणि वाङ्मयचौर्य तपासणीला दोन धरले की प्रबंध २०३० च्या डिसेंबरात जातो. अधिछात्रवृत्ती त्याच महिन्यात संपलेली. या काळात एखादी फेरी वाया गेली आणि आणखी एक पावसाळा घ्यावा लागला, तर काम २०३१ च्या डिसेंबरवर जाते आणि कमाल मुदतीला टेकते. तीन वर्षांचा दिसणारा तक्ता मुळात पाच वर्षांचा होता. पट्ट्यांच्या रुंदीत ते कुठेच दिसत नव्हते, कारण ‘माहिती संकलन’ या एका पट्टीखाली चार ठरावीक आठवडे झाकले गेले होते.

हाच विषय उलट्या दिशेने मांडू. आधी तक्त्यावर फक्त मेचे आणि ऑक्टोबरचे शेवटचे आठवडे खुणावायचे, २०२६ पासून २०२९ पर्यंत. मग विचारायचे, मे २०२६ साधायचा तर एप्रिलअखेर काय काय झालेले असले पाहिजे? चार गावांतून तीसेक विहिरींची यादी, मालकांची संमती, प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने केलेली मोजमापाची खूण आणि मोजण्याची टेप. हे सगळे कोर्सवर्क चालू असताना सुट्टीच्या दिवसांत होण्यासारखे आहे. तीस विहिरी दोघांना मोटारसायकलवर तीन-चार दिवसांच्या, वळवाच्या पहिल्या सरीआधी उरकायच्या. मग जोड्या २०२६ आणि २०२७ च्या मिळतात, ऑक्टोबर २०२७ ला आवश्यक मोजणी संपते, विश्लेषण फेब्रुवारी २०२८ पर्यंत, लेखन ऑक्टोबरपर्यंत, आणि किमान मुदत भरते न भरते तोच प्रबंध तयार असतो. २०२८ चा पावसाळा राखीव राहतो. एखादी फेरी फसली तर तो वापरायचा, नाहीतर तिसरी जोडी म्हणून निष्कर्षाला बळ द्यायला. दोन्ही तक्त्यांत काम तेवढेच आहे. अंतर दोन वर्षांचे आहे आणि ते सगळे एप्रिल २०२६ मधल्या काही सुट्ट्यांमधून आलेले आहे.

इथे पहिला आक्षेप रास्त आहे. सिनॉप्सिस मंजूर होण्याआधी मोजलेले आकडे प्रबंधात चालतील का? कोर्सवर्क संपायला जून उजाडणार, आरएसीपुढे विषय ऑगस्टमध्ये जाणार, तर मेचे आकडे कुणाच्या परवानगीने? उत्तर विद्यापीठागणिक बदलू शकते, म्हणून ते एप्रिलच्या आधीच गाइडकडून लेखी घ्यावे. पण नकार आला तरी मेची फेरी वाया जात नाही. ती प्राथमिक चाचणी म्हणून मांडता येते, आणि एरवी वर्षभर कळणार नाही अशी एक गोष्ट ती सांगते: मेअखेर किती विहिरी कोरड्या पडतात. कोरडी विहीर पातळीचा आकडा देत नाही, पाणी तळाच्या खाली आहे एवढेच सांगते. तीसपैकी दहा-बारा विहिरी कोरड्या निघाल्या तर नमुना बदलावा लागतो, आणि हे ऑक्टोबरात गावात फिरून कधीच कळत नाही, कारण तेव्हा बहुतेक विहिरींना पाणी असते. जोडीला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. त्या गावागावाचा फरक दाखवण्याइतक्या दाट नाहीत, पण स्वतःच्या आकड्यांचा कल तालुक्याशी जुळतो का, हे पाहायला पुरतात. त्या नोंदी मागण्याचा अर्ज ही तक्त्यातली वेगळी पट्टी हवी, कारण ते विद्यार्थ्याचे काम नाही, त्याचे थांबणे आहे. थांबण्याला स्वतंत्र रंग दिला की कळते, त्या काळात हात मोकळे आहेत आणि दुसरे काही उरकता येईल.

टप्प्यांची यादी, म्हणजे माइलस्टोन, हा या कामाचा दुसरा भाग, आणि तिथे गोंधळ जास्त होतो. ‘माहिती संकलन ५० टक्के पूर्ण’ हा टप्पा नव्हे. पन्नास टक्के कशाचे, हे कुणालाच सांगता येत नाही आणि नाकारताही येत नाही. टप्पा म्हणजे एका तारखेला घडून जाणारी गोष्ट. तिला लांबी नसते, म्हणून तक्त्यावर ती पट्टीने न दाखवता चौकटच्या खुणेने दाखवतात. आणि ती घडली की नाही, याचा तिसऱ्या माणसाला दाखवता येईल असा कागद असतो. ‘५ जून २०२६: किमान २६ विहिरींची मेअखेरची पातळी, खूण, वेळ आणि पंपाची स्थिती यांसह, नोंदवहीत, प्रत गाइडकडे’ हा टप्पा झाला. त्यात पंपाची स्थिती का? कारण शेतीची वीज पाळीने येते, पंप चालू असताना किंवा नुकताच थांबला असताना घेतलेली पातळी खरीपेक्षा खोल भासते, आणि वहीत ती नोंद नसेल तर पुढे विचित्र आकडा खरा की खोटा हे ठरवता येत नाही. चांगल्या टप्प्याला आणखी एक शेपूट असते: हे झाले नाही तर काय करायचे. ‘दहापेक्षा जास्त विहिरी कोरड्या निघाल्या तर ऑक्टोबरपूर्वी खोल विहिरी निवडून यादी बदलणे’, असे आधी लिहून ठेवले की जूनमध्ये निराश होण्यात आठवडे जात नाहीत. चार वर्षांच्या कामाला असे दहा-बारा टप्पे पुरेत. आरएसीची दर सत्राची तारीख त्यांना आयतीच मिळते, फक्त त्या तारखेला दाखवायचा कागद ठरवायचा.

हे सगळे निसर्गविज्ञानाला ठीक, सामाजिक शास्त्रांचे काय, असा दुसरा आक्षेप येतो. तो या जिल्ह्यात फारसा टिकत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांवर काम करायचे तर दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. फडावरचे जगणे पाहायचे तर खिडकी हिवाळ्याची. मुकादमाची उचल, घरातला कर्जाचा हिशेब, शाळा सुटलेल्या मुलांचे काय झाले, हे निवांत विचारायचे तर खिडकी उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची, तीही पेरणीचे दिवस वगळून. नोव्हेंबरात गावात गेलेल्याला म्हातारी माणसे आणि कुलुपे भेटतात. त्याच कुटुंबाला फडावर आणि घरी, दोन्हीकडे भेटायचे असेल तर विहिरींसारखीच जोडी तयार होते. आणि हंगाम किती लांबेल हे उसाच्या उपलब्धतेवर असल्याने परतीची खिडकी पंधरा-वीस दिवस मागेपुढे सरकती ठेवावी लागते.

कृषी संशोधनात जोडीचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि पीक सतरा-अठरा महिने उभे राहते. दोन हंगामांचे प्रयोग एकापाठोपाठ करायचे म्हटले, तर जुलै २०२६ ची लागण जानेवारी २०२८ ला तुटते, दुसरी जुलै २०२८ ला लागते आणि जानेवारी २०३० ला तुटते. दुसरी लागण पहिली उभी असतानाच जुलै २०२७ ला केली तर वर्ष वाचते. पण तेव्हा पहिला प्लॉट मोकळा नसतो, म्हणून जमीन आणि पाणी दुप्पट लागते, आणि पहिल्याच्या तोडणीचे आकडे पाहून दुसऱ्यात फेरफार करण्याची संधी जाते. दोन्हींतले काय परवडते, हा खरा शास्त्रीय निर्णय आहे, आणि दोन पट्ट्या एकमेकींखाली काढल्याशिवाय तो समोरच येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: संशोधनात काय सापडेल तेच माहीत नसते, मग तारखा कशा ठरवायच्या? काय सापडेल ते माहीत नसते हे खरे, पण मे केव्हा येतो ते माहीत असते. आणि अनिश्चिततेचा मुद्दा आला की लोक तो स्वतःच्या अंदाजाला लावत नाहीत. कॅनडातील ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले होते की काम किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा, सगळेच बिघडले तर किती लागतील याचा अंदाज सुमारे ४९ दिवसांचा, आणि प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही कमी पडली. कारण आपण पुढच्या कामाचे चित्र मनात रंगवतो, मागच्या तशाच कामांना किती वेळ लागला ते पाहत नाही. म्हणून लेखनाच्या पट्टीची लांबी मनाने ठरवू नये. आपल्याच केंद्रातून गेल्या काही वर्षांत गेलेल्या प्रबंधांमध्ये शेवटची क्षेत्रफेरी आणि सादर करण्याची तारीख यांत किती महिने गेले, ते विचारून घ्यावे. वर सांगितलेले आठ महिनेही असेच पडताळून पाहावेत, बहुतेकांचे वाढतील.

महाविद्यालयात शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्यांना ही पडताळणी जास्तच लागू पडते. सत्रान्त परीक्षा, पेपर तपासणी, मूल्यांकन समित्यांची तयारी आणि अधूनमधून येणारी निवडणुकीची किंवा जनगणनेची ड्यूटी, या काळात पट्टी रंगवलेली असली तरी काम होत नाही. त्यांच्या तक्त्यात हे आठवडे आधी काळे करून ठेवावेत. राखीव वेळ दाखवला तर समिती त्याला आळस समजेल, अशी भीती अनेकांना वाटते. पण विहिरींच्या उदाहरणात २०२८ चा पावसाळा राखीव का आहे, हे एका वाक्यात सांगता येते. कारण सांगता येत नसेल, तर मात्र समितीचा संशय बरोबरच आहे.

तक्ता काढायला महाग सॉफ्टवेअरची गरज नाही. एक्सेलमध्ये किंवा गूगलच्या शीटमध्ये पहिल्या ओळीत D पासून पुढे प्रत्येक महिन्याची पहिली तारीख, A मध्ये काम, B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट, आणि D2 मध्ये पुढचे सूत्र टाकून उजवीकडे व खाली ओढले की काम चालू असलेल्या महिन्यांत १ उमटतो. त्या घरांना रंग द्यायचा.

```
=IF(AND(EOMONTH(D$1,0)>=$B2,D$1<=$C2),1,"")
```

प्रत्येक कामाला दोन ओळी द्याव्यात, वरची ठरलेल्याची, खालची झालेल्याची. वरच्या ओळीतल्या तारखा मंजुरीनंतर बदलायच्या नाहीत; मागे पडलो की वरची ओळच सरकवायची, हा मोह सर्वांना होतो, आणि तसे केले की गँटच्या तक्त्याचा मूळ उपयोग संपतो. आरएसीच्या सदस्यांनाही एक विनंती आहे. दर सत्राच्या सादरीकरणात पन्नास स्लाइड पाहण्याऐवजी पहिली पाच मिनिटे या दोन ओळींसाठी ठेवा, आणि पुढचा न हलणारा आठवडा कोणता व त्याआधी कोणता कागद तयार लागेल, एवढे विद्यार्थ्याला विचारा.